१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना: बक कन्व्हर्टरची ड्युटी आणि कॉइलमधला रिपल, हातानं मोजून

पुण्यात गुरुवार म्हटला की देखभालीसाठी वीज जाणार हे धरूनच चालावं लागतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा त्यावर उपाय म्हणून १२ व्होल्टची बॅटरी, एक निळं बक कन्व्हर्टर मॉड्यूल आणि त्यावर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर अशी जोडणी करून बसला होता. पायला एक यूएसबी डिस्कही लावलेली. एका गुरुवारी सकाळी तो सगळं उचलून माझ्याकडे आला. "काका, मॉड्यूलवर बरोबर ५.०० येतात, तरी पाय सारखा अंडरव्होल्टेज दाखवतो. मध्येच रीस्टार्टही होतो."

मीटर खोटं बोलत नव्हता. पण मीटर सरासरी दाखवतो, आणि बक कन्व्हर्टरमध्ये जे बिघडतं ते बहुतेकदा सरासरीत दिसतच नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी जे मोजलं, तेच इथे क्रमानं मांडतो. आकडे त्याच मॉड्यूलचे आहेत: चार्जर काढून बॅटरी १२.० व्होल्ट, आउटपुट ५.० व्होल्ट, लोड २ अँपिअर, चिपवर छापलेलं नाव LM2596, कॉइलवर छापलेला आकडा 330.

आधी कॉइलचा हिशोब

बक कन्व्हर्टरमध्ये कामाचे भाग चारच: स्विच, डायोड, कॉइल आणि आउटपुटचा कपॅसिटर. LM2596 मध्ये स्विच चिपच्या आतच असतो, डायोड बाहेर लावतात. स्विच, डायोड आणि कॉइल जिथे एकत्र येतात त्या जोडाला आपण स्विच नोड म्हणू. पुढचं जवळपास सगळं मोजमाप तिथूनच सुरू होतं.

स्विच चालू असतो तेव्हा स्विच नोडवर बॅटरीचे १२ व्होल्ट येतात. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला आउटपुटचे ५ व्होल्ट आहेतच. म्हणजे कॉइलवर ७ व्होल्ट पडतात आणि तिच्यातला करंट एका ठरावीक वेगानं चढत जातो. स्विच बंद झाला तरी कॉइल करंट अचानक थांबू देत नाही. तो करंट आता जमिनीकडून डायोडमधून वर येतो, आणि स्विच नोड शून्याच्याही किंचित खाली जातो. आता कॉइलवर उलट्या दिशेनं ५ व्होल्ट आहेत, म्हणून करंट उतरू लागतो.

इथे एक गोष्ट नीट मनात बसवून घ्यायची. लोड स्थिर असेल तर प्रत्येक फेरीत करंट जितका चढला तितकाच उतरला पाहिजे. नाहीतर तो फेरीगणिक वाढत किंवा घटत राहील. चढण्याचं माप म्हणजे ७ व्होल्ट गुणिले चालू वेळ, आणि उतरण्याचं माप म्हणजे ५ व्होल्ट गुणिले बंद वेळ. ही दोन्ही सारखी ठेवली की ड्युटी सायकल, म्हणजे पूर्ण फेरीतला चालू वेळेचा वाटा, आपोआप निघतो:

```
(Vin - Vout) * D = Vout * (1 - D)
Vout = D * Vin
D = 5 / 12 = 0.417
```

या समीकरणात कॉइलचं मूल्य कुठेच नाही. लोडचा करंटही नाही. कॉइल ३३ मायक्रोहेन्रीची असो वा १०० ची, आउटपुटची सरासरी तीच राहणार. मुलाचा मीटर ५.०० दाखवत होता आणि तरीही कॉइल चुकीची असू शकत होती, ती याचमुळे.

पुस्तकातली ड्युटी आणि बोर्डावरची ड्युटी

LM2596 चा आतला स्विच बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे, मॉसफेटचा नाही. चालू असताना त्याच्यावर या करंटला साधारण १ व्होल्ट पडतो. बाहेरच्या शॉट्की डायोडवर ०.४५ व्होल्टच्या आसपास. हे दोन्ही हिशोबात घेतले की चालू वेळी कॉइलवर ७ ऐवजी ६ व्होल्ट मिळतात आणि बंद वेळी ५ ऐवजी ५.४५:

```
D = (Vout + Vd) / (Vin - Vsw + Vd)
D = 5.45 / 11.45 = 0.476
```

४१.७ आणि ४७.६ यांत सहा टक्क्यांचा फरक पडला. आपल्याला त्याची चिंता करावी लागत नाही, कारण फीडबॅक पिन आउटपुट पाहून ड्युटी हवी तितकी वाढवते. पण स्कोपवर ४७ किंवा ४८ दिसले म्हणून "चिप खराब आहे" असं ठरवू नका. मीही पूर्वी एका विद्यार्थ्याला तसं सांगून चांगली चिप बदलायला लावली होती, आणि नवी चिपही तेवढंच दाखवू लागली तेव्हा कुठे आम्ही कागद पेन्सिल घेऊन बसलो.

पहिलं मोजमाप: स्विच नोड

स्कोपच्या प्रोबची जमिनीची क्लिप मॉड्यूलच्या आउटपुटच्या उणे टोकाला लावा आणि टोक चिपच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिनवर ठेवा. प्रोब १० पटीवर असू द्या. क्लिपची वायर लांब असेल तर प्रत्येक कडेवर उंच काटे दिसतील. त्यांतले बरेचसे वायरच्या वेटोळ्यात तयार झालेले असतात, म्हणून वायर शक्य तितकी आखूड ठेवा.

चांगली लाट चौकोनी दिसते: वर ११ व्होल्टच्या आसपास सपाट, खाली शून्याच्या अर्धा व्होल्ट खाली सपाट. वरचा सपाट भाग भागिले पूर्ण फेरी म्हणजे ड्युटी. आम्हाला ४८ टक्के मिळाली, हिशोबाशी जुळणारी.

स्कोप नसेल तरी एक सोपी खात्री करता येते. स्विच नोडपासून १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाहून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्या कपॅसिटरवर मीटर डीसीवर ठेवून मोजा. बारा आणि शून्य यांच्यात सतत उड्या मारणाऱ्या त्या नोडची सरासरी जवळपास आउटपुटइतकीच येते. फक्त कॉइलच्या तारेत पडणारे थोडे मिलिव्होल्ट जास्त. ड्युटी आणि आउटपुट यांचं नातं कितीही वेळा फळ्यावर लिहिलं, तरी ते मीटरवर दिसलं की मग विसरत नाही.

पण त्या दिवशी खरी गोष्ट ड्युटीत नव्हती, फेरीच्या लांबीत होती. LM2596 ची ठरलेली वारंवारता १५० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे एक फेरी ६.७ मायक्रोसेकंदांची. स्कोपवर एक फेरी १९ मायक्रोसेकंदांहून किंचित लांब दिसत होती. वारंवारता ५२ किलोहर्ट्झ. ही जुन्या LM2576 ची वारंवारता आहे. स्वस्त मॉड्यूलवर चिपचं नाव एक आणि आतला जीव दुसरा, असं अनेकदा आढळतं. ओळखण्याचा हाच खात्रीचा मार्ग, छापील अक्षरं पाहून काहीच कळत नाही.

रिपलचा हिशोब

कॉइलमधला करंट दर फेरीत किती चढतो, यालाच रिपल म्हणायचं. कॉइलवरचे व्होल्ट गुणिले चालू वेळ, भागिले इंडक्टन्स. कॉइलवर 330 लिहिलंय म्हणजे ३३० मायक्रोहेन्री नव्हे. पहिले दोन आकडे ३३, आणि तिसरा आकडा पुढे किती शून्यं ते सांगतो. इथे एकही नाही, म्हणजे ३३ मायक्रोहेन्री. १०० मायक्रोहेन्रीवर 101 असतं. ही चूक टाळा, कारण तिनं सगळा हिशोब दहापट फिरतो.

```
dI = (Vin - Vsw - Vout) * D / (f * L)

150 kHz: dI = 6 * 0.476 / (150e3 * 33e-6) = 0.58 A
52 kHz:  dI = 6 * 0.476 / (52e3 * 33e-6)  = 1.66 A
```

१५० किलोहर्ट्झच्या चिपसाठी ३३ मायक्रोहेन्री अगदी योग्य निवड आहे. LM2596 च्या डेटाशीटमधल्या ५ व्होल्टच्या नमुना सर्किटमध्ये कॉइल ३३ चीच आहे, आणि ०.५८ अँपिअरचा रिपल म्हणजे २ अँपिअरच्या २९ टक्के. सर्वसाधारणपणे २० ते ४० टक्क्यांत राहावं असं धरतात. याहून कमी रिपल हवा तर कॉइल फार मोठी होते, जास्त ठेवला तर कपॅसिटर आणि स्विच दोघांवर ताण येतो. आमच्या बोर्डावर मात्र तीच कॉइल तिपटीच्या आसपास लांब फेरीला सामोरी जात होती. रिपल ८३ टक्के. करंट १.१७ वरून २.८३ अँपिअरपर्यंत हेलकावत होता, आणि मधला मीटर शांतपणे २ अँपिअर सांगत होता.

एक प्रश्न त्या मुलानं विचारला तो बरोबर होता: बॅटरी उतरली की रिपल वाढेल का? नाही, कमी होईल. आउटपुट ५ व्होल्टला बांधलेलं असताना उतरण्याचा वेग ठरलेला असतो. बॅटरीचे व्होल्ट जास्त असतील तर ड्युटी घटते, बंद वेळ लांबते आणि करंटला उतरायला जास्त अवकाश मिळतो. म्हणून कॉइल निवडताना हिशोब सगळ्यात जास्त इनपुट व्होल्टेजला करायचा. चार्जर लावलेल्या बॅटरीचे १३.६ धरले तर १५० किलोहर्ट्झवर रिपल ०.५८ चा ०.६४ होतो. "५० टक्के ड्युटीला रिपल सर्वाधिक" हे वाक्य वाचलं असेल, तर ते इनपुट ठरलेलं आणि आउटपुट बदलतं ठेवलेलं असताना खरं आहे. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी असते.

दुसरं मोजमाप: कॉइलचा करंट डोळ्यांनी पाहणं

करंट प्रोब महाग असतो, घरी क्वचितच असतो. त्याऐवजी १ ओहमचे पाव वॅटचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, त्यांचे पाय आखूड कापून दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये शिडीसारखे समांतर डाग द्या. करंट मोजायचा ०.१ ओहमचा शंट तयार. २ अँपिअरला त्यात ०.४ वॅट उष्णता होते, प्रत्येकाच्या वाट्याला ०.०४, म्हणजे हातही लावता येतो. तारेचा वेढा असलेला पांढरा सिमेंट रेझिस्टर इथे वापरू नका. त्याचं स्वतःचं इंडक्टन्स प्रत्येक वळणावर पायरीसारखी उडी दाखवतं आणि त्रिकोणाचा आकार बिघडतो.

कॉइलचं आउटपुटकडचं टोक बोर्डावरून सोडवा आणि ते टोक व पॅड यांच्यामध्ये हा शंट बसवा. स्विच नोडच्या बाजूला नव्हे, कारण तिथे दर फेरीला १२ व्होल्टची उडी असते आणि तिच्यापुढे मिलिव्होल्ट दिसणार नाहीत. शंटमुळे ड्युटी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढेल, पण फीडबॅक शंटच्या पुढून घेतलेला असल्यामुळे आउटपुट ५ वरच राहील आणि रिपलही बदलणार नाही.

आता सावधगिरीची जागा. स्कोपच्या प्रोबची क्लिप आतून वीजपुरवठ्याच्या अर्थिंगला जोडलेली असते. आपण ती शंटच्या आउटपुटकडच्या टोकाला, म्हणजे ५ व्होल्टच्या धन टोकाला लावणार आहोत. सर्किट फक्त बॅटरीवर चालत असेल, चार्जर काढलेला असेल आणि लोडही कशाला जोडलेला नसेल, तर यात धोका नाही. पण पायची एचडीएमआय केबल अर्थिंग असलेल्या मॉनिटरला जोडलेली असेल तर तुम्ही ५ व्होल्टचं आउटपुट थेट शॉर्ट कराल. म्हणून पाय पूर्ण बाजूला ठेवा आणि लोड म्हणून ५ ओहम, १० वॅटचे दोन रेझिस्टर समांतर लावा. ते चांगलेच तापतात, टेबलावरच्या कागदावर ठेवू नका.

प्रोबचं टोक कॉइलच्या बाजूला, १ पटीवर. स्कोपवर १०० मिलिव्होल्ट म्हणजे १ अँपिअर. आम्हाला जो त्रिकोण दिसला त्याची तळापासून शेंड्यापर्यंतची उंची १७५ मिलिव्होल्ट भरली, म्हणजे १.७५ अँपिअर. हिशोबानं १.६६ यायला हवे होते. हा जास्तीचा भाग कुठून आला ते त्रिकोणाकडे नीट पाहिल्यावर कळलं. चढती रेघ अडीच अँपिअरपर्यंत सरळ होती आणि त्यानंतर शेंड्याजवळ वरच्या बाजूला वाकत होती.

ही वाकण फार महत्त्वाची. कॉइलचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरत आला की तिचं इंडक्टन्स घटतं, आणि तेवढ्याच व्होल्टला करंट जास्त वेगानं चढतो. थोडी वाकण चालून जाते. शेंडा सुईसारखा उभा दिसू लागला तर कॉइल संपृक्त झाली असं समजा. मग चिपची करंट मर्यादा मध्ये येते, आउटपुट कोसळतं, आणि तरीही कमी लोडवर सगळं ठीक वाटतं. कॉइल घेताना डेटाशीटमध्ये दोन करंट दिलेले असतात, एक तापण्याचा आणि एक संपृक्ततेचा. सरासरी करंट तापण्याच्या आकड्याशी ताडायचा आणि शेंड्याचा करंट संपृक्ततेच्या आकड्याशी.

लोड कमी करून पाहिल्यावर दुसरी गोष्ट दिसते. लोड घटवला की त्रिकोण तसाच्या तसा, त्याच उंचीचा, फक्त खाली सरकतो. लोडचा करंट रिपलच्या निम्म्यावर आला, आमच्या बाबतीत ०.८५ च्या आसपास, की त्रिकोणाचा तळ शून्याला टेकतो. त्याखाली डायोड उलटा करंट जाऊ देत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत काही काळ कॉइल रिकामी राहते. स्विच नोडवर त्या वेळात ५ व्होल्टभोवती लहरणारी रेघ दिसते. हा बिघाड नाही. पण या अवस्थेत ड्युटीचं वरचं समीकरण लागू पडत नाही. ०.२ अँपिअरवर आमची ड्युटी २३ टक्क्यांच्या आसपास आली, आउटपुट मात्र ५ च होतं. म्हणून ड्युटी तपासायची ती नेहमी पुरेशा लोडवर.

रिपल आउटपुटला कसा पोहोचतो

कॉइलच्या करंटचा हेलकावा लोडकडे जात नाही, तो जवळपास सगळा आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये जातो. बोर्डावर २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक होता. नुसत्या कपॅसिटन्समुळे ५२ किलोहर्ट्झवर २० मिलिव्होल्टचाही रिपल येत नाही. पण कपॅसिटरच्या आतला मालिकेतला रोध वेगळी गोष्ट आहे. आउटपुटवर आम्हाला काटे वगळून २५० मिलिव्होल्टचा त्रिकोण मिळाला. त्याला १.७५ नं भागलं की सुमारे ०.१४ ओहम येतात. सामान्य इलेक्ट्रोलिटिकला हे शोभणारंच आहे.

आता पायचं कोडं सुटतं. मॉड्यूलवर सरासरी ५.०० व्होल्ट. मुलाची यूएसबी केबल बारीक तारांची, २ अँपिअरला तिच्यात ०.२८ व्होल्ट पडत होते. म्हणजे पायपाशी सरासरी ४.७२. पायची अंडरव्होल्टेजची सीमा ४.६३ आहे. सरासरी त्याच्या वर आहे, पण सव्वाशे मिलिव्होल्टची खोलगट त्यातून वजा करा. केबलमध्ये आणि पायच्या स्वतःच्या कपॅसिटरमध्ये थोडी लहर जिरते, तरी डिस्क फिरू लागताना करंट वाढला की उरलेलं अंतर संपतं. म्हणजे दोष एकट्या कॉइलचा नव्हता. केबलचाही अर्धा वाटा होता, आणि तो सांगितल्याशिवाय हा हिशोब प्रामाणिक होत नाही.

दुरुस्ती

चिप बदलण्याऐवजी आम्ही चिपच्या खऱ्या वारंवारतेला शोभेल अशी कॉइल लावायचं ठरवलं. ०.६ अँपिअरच्या आत रिपल हवा तर

```
L = 6 * 0.476 / (52e3 * 0.6) = 92 uH
```

जवळचं मिळणारं मूल्य १०० मायक्रोहेन्री. LM2576 च्या डेटाशीटमधल्या नमुना सर्किटमध्येही हीच कॉइल आहे, सोबत १००० मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर. शेंड्याचा करंट २.३ अँपिअरच्या आत येणार होता, म्हणून संपृक्ततेचा करंट निदान ३ अँपिअर हवा.

दुपारी दोघं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. दुकानात नुसतं "१०० मायक्रोहेन्री द्या" म्हणू नका. त्याच मूल्याची बोटाच्या पेराएवढी कॉइलही मिळते आणि सुपारीएवढीही, आणि छोटी अर्ध्या अँपिअरलाच भरते. तार जाड आणि गाभा मोठा पाहून घ्या, करंट विचारा, आणि घरी आल्यावर शंटवर तिचा त्रिकोण पाहिल्याशिवाय बोर्डावर कायमची बसवू नका. आम्ही पिवळ्या गाभ्याची टोरॉइड घेतली. ती मॉड्यूलवर मावत नव्हती, म्हणून आखूड जाड तारांनी शेजारी उभी केली आणि सिलिकॉननं पक्की केली. तारा लांबवायच्याच असतील तर आउटपुटकडची लांबवा. स्विच नोडकडची लांब तार अँटेनासारखी वागते आणि शेजारचा एफएम रेडिओ खरखरतो.

पुन्हा शंटवर पाहिलं. त्रिकोणाची उंची ५५ मिलिव्होल्ट, रेघ शेवटपर्यंत सरळ. आउटपुटवरचा रिपल २५० वरून ८० मिलिव्होल्टवर आला. त्याच जुन्या कपॅसिटरवर. ड्युटी आधी होती तेवढीच, आउटपुटचे ५.०० तेवढेच. फरक मीटरला कळलाच नाही. पण कपॅसिटरला कळला: त्याच्यात होणारी उष्णता रिपलच्या वर्गाच्या प्रमाणात असते, १.७५ चा ०.५५ झाला म्हणजे उष्णता जवळपास दहाव्या हिश्श्यावर आली.

तरीही आम्ही तो बदलून १००० मायक्रोफॅरडचा, कमी रोधाचा बसवला, शंट काढला, आउटपुट ट्रिमरनं ५.१ व्होल्टवर नेलं आणि केबल जाड तारांची व आखूड केली. पायपाशी २ अँपिअरला ४.९८ व्होल्ट मिळाले. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला वीज गेली तेव्हा मुलगा वर आला नाही, फक्त त्यानं पायवर `vcgencmd get_throttled` चालवून आलेलं उत्तर पाठवलं: `throttled=0x0`, म्हणजे अंडरव्होल्टेज एकदाही नाही.